मे महिन्यात क्रीम का फुगत नाही

नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, पुतणीच्या वाढदिवसासाठी मी क्रीम फेटायला घेतलं. आंब्याच्या फोडींवर घालायचं होतं. हँड बीटर पंधरा मिनिटं चालला. क्रीमवर फेस आला आणि बसला, पुन्हा आला आणि पुन्हा बसला. वहिनी म्हणाल्या, "अजून थोडं फिरव, होईल." पण झालं नाही, आणि होणारही नव्हतं. माझ्या दोन चुका झाल्या होत्या. दोन्ही कळायला क्रीम फुगतं कशानं, ते पाहावं लागतं.

क्रीम म्हणजे पाण्यात तरंगणारे दुधातल्या स्निग्धाचे बारीक गोळे. एकेक गोळा मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा असतो आणि त्याच्याभोवती प्रथिनं व फॉस्फोलिपिड यांचं पातळ आवरण असतं. त्या आवरणामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. बीटर फिरतो तेव्हा हवेचे बुडबुडे आत शिरतात. सुरुवातीला त्यांना दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, पण ती पकड फार वेळ टिकत नाही. पुढे बीटरच्या माराने गोळ्यांची आवरणं जागोजागी फाटतात, गोळे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि एकमेकांना चिकटत साखळ्या करतात. हवा त्या जाळ्यात अडकते. घट्ट झालेलं क्रीम म्हणजे हे जाळं.

जाळं विणायला गोळे पुरेसे हवेत. माझी पहिली चूक इथे होती. किराणा दुकानात मिळणारं, भाजीत किंवा फ्रूट सॅलडमध्ये घालायचं फ्रेश क्रीम बहुधा 25 टक्के फॅटचं असतं. 200 ग्रॅमच्या पाकिटात जेमतेम 50 ग्रॅम स्निग्ध. एवढ्यात बुडबुडे झाकले जात नाहीत. फेटायला किमान 30 टक्के लागतात आणि 35 असतील तर काम निर्धास्त होतं. पाकिटावरचा आकडा आधी वाचावा. केकवाल्यांकडचं गोठवलेलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम ही वेगळीच वस्तू आहे. त्यात वनस्पती तेल आणि खास इमल्सिफायर असतात, म्हणून त्याला हे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत.

दुसरी चूक उन्हाची, आणि मला तीच मोठी वाटते. गोळे चिकटायला हवेत, पण एकमेकांत पूर्ण विरघळायला नकोत. त्यासाठी आतलं स्निग्ध अर्धवट घन असावं लागतं. फ्रिजमधल्या पाच अंशांवर दुधातलं स्निग्ध साधारण निम्मं किंवा थोडं जास्त घन असतं. तेव्हा त्यातले स्फटिक आवरणातून टोचून बाहेर येतात, शेजारच्या गोळ्यात रुततात आणि थोडंसं द्रव स्निग्ध तो सांधा जोडतं. तीस अंशांवर जवळजवळ सगळं स्निग्ध तेल झालेलं असतं. मग दोन गोळे भेटले की एक मोठा थेंब होतो, तेल बुडबुड्यावर पसरतं आणि बुडबुडा फुटतो. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा पस्तीस अंश होते. कूलर सुरू असला तरी स्टीलचं भांडं कोमट होतं, आणि बीटरची घुसळण आणखी ऊब देत होती.

स्फटिक लगेच बनत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. स्निग्ध बारीक गोळ्यांत विभागलेलं असल्यामुळे ते थंड झालं तरी गोठायला वेळ घेतं. म्हणून क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. घाईने फ्रीझरमध्ये ठेवलं तर कडेला बर्फ जमतो, बर्फाचे कण आवरणं फाडतात आणि क्रीम रवाळ होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी 35 टक्क्यांचं 200 ग्रॅम क्रीम आणलं आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये टाकलं. भांडं आणि बीटरची पातीही अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवली. फेटताना भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत होतं. काही मिनिटांत बीटरच्या मागे रेघा उमटू लागल्या. पिठीसाखर तेव्हा घातली. बीटर उचलल्यावर उभं राहिलेलं टोक हळूच वाकलं. थांबायची वेळ हीच.

मी तिथे थांबले, पण थोडं बाजूला काढून मुद्दाम पुढे फेटलं. आधी चकाकी गेली, कडा खरखरीत झाल्या आणि रंग पिवळसर दिसू लागला. इथवर वाचवता येतं: दोन-तीन चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून हाताने हलकेच मिसळायचं. आणखी अर्ध्या मिनिटात रवा पडला, मग पाणी सुटलं, आणि बीटरला लोणी चिकटलं.

आजी रवीने दह्यातून लोणी काढायची तेव्हाही हेच घडत असे. गोळे एकमेकांना चिकटत जाळं विणतात, पुढे ते जाळंच आक्रसून हवा आणि पाणी बाहेर टाकतं. उन्हाळ्यात ती घुसळणात बर्फाचं पाणी घालायची आणि थंडीत कोमट. लोणी निघायला साधारण बारा-तेरा अंश सोयीचे असतात. फेटलेलं क्रीम याहून थंड राहावं लागतं, म्हणजे ते लोण्याच्या वाटेवर मध्येच थांबवता येतं.

सगळं 200 ग्रॅम असंच पुढे गेलं असतं, तर त्यातल्या 70 ग्रॅम स्निग्धातून साधारण 80-85 ग्रॅम लोणी निघालं असतं. खाली उरतं ते ताक आंबट नसतं, गोडसर असतं. माझ्याकडे निघालेलं चमचाभर लोणी वहिनींनी थंड पाण्यात धुऊन पुतणीच्या पोळीवर लावलं.