शेंगदाणे पोह्यांजवळ, तेल मात्र टोकाला

पोह्यांच्या शेजारी काय ठेवायचं, याचं उत्तर दुकानाच्या जुन्या बिलांत असतं. पण कोणत्या दोन वस्तू सगळ्यात जास्त वेळा एका बिलात आल्या, एवढंच मोजलं तर ते उत्तर हमखास चुकतं.

समजा, एका स्वयंसेवा किराणा दुकानाची 1000 बिलं घेतली. साखर 400 बिलांत आहे, चहा 250 बिलांत आणि दोन्ही एकत्र 110 बिलांत. पोहे 120 बिलांत, शेंगदाणे 150 बिलांत आणि दोन्ही 60 बिलांत. नुसती संख्या पाहिली तर चहा-साखरेची जोडी पुढे दिसते. आता असं पाहा: साखर 100 पैकी 40 बिलांत असतेच. म्हणजे चहाशी तिचा काहीही संबंध नसता, तरी चहाच्या 250 बिलांपैकी 100 बिलांत ती आलीच असती. प्रत्यक्षात आली 110 मध्ये, म्हणजे अपेक्षेच्या जेमतेम 1.1 पट. शेंगदाणे 100 पैकी 15 बिलांत असतात, म्हणून पोह्यांच्या 120 बिलांपैकी 18 मध्ये ते योगायोगानेच आले असते. आले 60 मध्ये, म्हणजे 3.3 पट. या पटीला ‘लिफ्ट’ म्हणतात. ती 1 च्या आसपास असेल तर नातं नाही, आणि 1 पेक्षा बरीच जास्त असेल तर आहे. बिलांच्या मोठ्या साठ्यातून असे नियम शोधण्याची पद्धत राकेश अग्रवाल, टोमाश इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांनी 1993 साली मांडली.

लिफ्ट फसवते ती महिन्याच्या सुरुवातीला. पगारानंतर घरचा महिन्याचा किराणा भरला जातो आणि त्या 40-50 वस्तूंच्या लांबलचक बिलात सगळंच सगळ्याबरोबर येतं. अशा बिलांमुळे हळद आणि भांड्यांच्या साबणाचंही घट्ट नातं दिसायला लागतं. म्हणून मोठी आणि छोटी बिलं वेगळी करून दोन्हीकडे आकडा काढावा. छोट्या बिलांतही टिकते तीच जोडी खरी. जी वस्तू 1000 पैकी चारपाच बिलांतच आली, तिची लिफ्ट कितीही मोठी दिसली तरी सोडून द्यावी.

दोन बाबतींत मात्र बिलं काहीच मदत करत नाहीत. कपड्यांच्या साबणाचे दोन ब्रँड एका बिलात क्वचितच येतात, त्यांची लिफ्ट 1 पेक्षा खाली जाते. तरी ते शेजारीशेजारीच हवेत, कारण गिऱ्हाईक त्यांच्यात तुलना करून एक उचलतं. आणि अगरबत्ती किंवा साबण चहापत्ती व पिठाजवळ नको, मग आकडे काहीही म्हणोत. चहा आणि पीठ वास पटकन ओढून घेतात.

आता तेल, गव्हाचं पीठ, तांदूळ, साखर. हे घ्यायला माणूस दुकानात येतोच, म्हणून ते आत ठेवायचे, वाटेत बाकीचं दिसतं. मात्र सगळे एकाच कोपऱ्यात ठेवले तर गिऱ्हाईक एकाच वाटेने जाऊन परततं. तेल एका टोकाला आणि पीठ दुसऱ्या टोकाला ठेवलं की मधला पट्टा चालला जातो. दूधही आतच ठेवतात, पण त्याचं कारण थोडं वेगळं आहे: मोठ्या दुकानांत माल मागच्या दाराने येतो आणि शीतकपाट मागून भरता येतं, त्यामुळे जुनं दूध आपोआप पुढे सरकतं.

जेफ्री लार्सन, एरिक ब्रॅडलो आणि पीटर फेडर यांनी 2005 साली अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमधल्या सामानाच्या ढकलगाड्यांचे मार्ग, त्यांना लावलेल्या छोट्या रेडिओ-खुणांच्या मदतीने तपासले. बहुतेक लोक रॅकांमधली गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतच नाहीत. ते कडेच्या मोठ्या वाटेने फिरतात, गल्लीत थोडं आत शिरतात, हवं ते घेतात आणि शिरले त्याच तोंडाने बाहेर पडतात. म्हणजे लांब गल्लीत मधला भाग ओस पडतो. डाळी किंवा साखर नेमकी तिथे ठेवली तर माणूस निदान मध्यापर्यंत येतो. ते तपासायला यंत्र लागत नाही. तासभर उभं राहून गल्लीत शिरलेले आणि मध्यापर्यंत पोचलेले मोजावेत.

गिऱ्हाईकाची वाट अशी ताणायला मर्यादा आहे. ज्याला फक्त अर्धा लिटर दूध हवंय, त्याला सगळं दुकान फिरवलं तर तो पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या डेअरीत जातो. म्हणून पैसे घेण्याच्या गल्ल्याजवळ दुधाचा छोटा फ्रिज ठेवणं शहाणपणाचं.

बदल करताना एका वेळी एकच वस्तू हलवावी, भाव तेच ठेवावेत आणि पूर्ण महिन्याची पूर्ण महिन्याशी तुलना करावी. पहिल्या आठवड्याचा खप शेवटच्या आठवड्याशी ताडला तर मांडणीचा नव्हे, पगाराचा परिणाम मोजला जातो. दिवाळीचा महिना तर या तुलनेत धरूच नये.