दोन्ही मालांत पोर्तुगाल सरस, तरी कापड विणायचं इंग्लंडनंच

निरपेक्ष लाभ आणि तुलनात्मक लाभ यांची गल्लत बहुतेकांची होते, आणि ती सुटते अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडलेल्या आकड्यांवरच. एक ठरावीक नग कापड आणि एक ठरावीक माप वाइन तयार करायला वर्षभर किती माणसं राबतात, ते असं:

| देश | कापड | वाइन |
|---|---|---|
| इंग्लंड | १०० | १२० |
| पोर्तुगाल | ९० | ८० |

निरपेक्ष लाभ पाहायचा तर रकाना वरून खाली वाचा. कापडात ९० विरुद्ध १००, वाइनमध्ये ८० विरुद्ध १२०. दोन्हीकडे पोर्तुगालला माणसं कमी लागतात. इथेच थांबलं, तर पोर्तुगालने इंग्लंडकडून काहीच घेऊ नये असं वाटतं.

तुलनात्मक लाभासाठी ओळ आडवी वाचावी लागते, कारण प्रश्न बदलतो: एक नग कापड काढताना त्या देशाने किती वाइन सोडली? हाच संधी खर्च. इंग्लंडमध्ये कापडावरची १०० माणसं वाइनकडे वळवली, तर १००/१२०, म्हणजे सुमारे ०.८३ माप वाइन निघाली असती. पोर्तुगालमध्ये ९०/८०, म्हणजे १.१२५ माप. कापडापायी इंग्लंड कमी वाइन सोडतो, म्हणून कापडाचा तुलनात्मक लाभ त्याचा. वाइनचा संधी खर्च हा याच आकड्यांचा व्यस्त: इंग्लंडमध्ये १.२ नग कापड, पोर्तुगालमध्ये सुमारे ०.८९. त्यामुळे एकच देश दोन्ही मालांत तुलनात्मक लाभ मिळवू शकत नाही. तुमच्या उत्तरात तसं दिसलं, तर भागाकार कुठेतरी उलटा झालाय.

तो उलटा होतो तो बहुधा एकाच जागी. वरचं कोष्टक श्रमाचं आहे, म्हणून ज्या मालाचा खर्च काढायचा त्याचा आकडा वर येतो. कोष्टक उत्पादनाचं असेल, म्हणजे तेवढ्याच माणसांकडून किती माल निघतो हे दिलं असेल, तर तोच आकडा खाली जातो. म्हणून आधी कोष्टकाचं शीर्षक वाचा, भागाकार नंतर.

आता व्यापारशर्ती, म्हणजे एका मालाच्या बदल्यात दुसरा किती मिळतो तो दर. एक नग कापडाला ०.८३ हून कमी वाइन मिळाली तर इंग्लंड विकणार नाही, आणि १.१२५ हून जास्त मागितली तर पोर्तुगाल घेणार नाही. या दोन आकड्यांमधला कुठलाही दर दोघांच्या फायद्याचा. एकास एक दर धरा: इंग्लंडला १२० ऐवजी १०० माणसांच्या कामात वाइन मिळते, पोर्तुगालला ९० ऐवजी ८० माणसांच्या कामात कापड. दर १.२ वर गेला की पोर्तुगालला त्याच कापडासाठी ९६ माणसांची वाइन मोजावी लागते. त्यापेक्षा तो ते घरीच ९० माणसांत विणेल. या पट्ट्यात दर नेमका कुठे स्थिरावेल हे मात्र कोष्टक सांगत नाही. ते एकाला दुसऱ्याचा माल किती हवा आहे, यावर ठरतं.