शिळे कॅप्शन आणि तेच ते कॅप्शन

जुने, चांगले चाललेले कॅप्शन काही महिन्यांनी पुन्हा वापरताना दोन दोष संभवतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. पहिला शिळेपणा, म्हणजे मजकुरातील एखादी गोष्ट आता खरी उरलेली नसणे. दुसरा तोचतोचपणा, म्हणजे मजकूर पूर्णपणे खरा असूनही वाचणाऱ्याला तो आधी वाचल्याचे आठवणे. शिळेपणा मजकुरात असतो, म्हणून पहिल्यांदाच वाचणाऱ्यालाही तो खटकतो. तोचतोचपणा वाचकाच्या आठवणीत असतो, म्हणून नव्या वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. या दोहोंवरचे उपाय जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत आणि घोटाळा होतो तो एकाचे औषध दुसऱ्याला दिल्यामुळे.

माझ्या मामेबहिणीची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे आणि तिच्या इन्स्टाग्राम खात्यावरचा मजकूर मी लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वाधिक चाललेले कॅप्शन असे होते:

«हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला, तर तुम्हाला कोणी फसवलेले नसते. त्याला साका म्हणतात आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. यंदा ऊन लवकर तापल्याने तो जास्त दिसतो आहे. आमच्या पेटीत असे फळ निघाले, तर फोटो पाठवा, बदलून देऊ. पाच डझनांची पेटी २,८०० रुपये. अक्षय्य तृतीयेआधी हवी असल्यास २५ तारखेपर्यंत कळवा.»

मार्च २०२६ मध्ये तेच पुन्हा वापरायचे ठरले, तेव्हा मी आधी इन्साइट्स, म्हणजे इन्स्टाग्राम पोस्टची आकडेवारी दाखवते ते पान, उघडून ते चालले कशामुळे हे पाहिले. लाइक नेहमीइतकेच होते, पण शेअर आणि सेव्ह इतर पोस्टच्या कितीतरी पट होते. लोकांनी ते साक्याचा अनुभव आलेल्या नातेवाइकांना पाठवले होते. याचा अर्थ लोकांना आवडले ते साक्याचे स्पष्टीकरण आणि बदलून देण्याचा शब्द, दर किंवा तारीख नव्हे. हेच उलटे असते, म्हणजे केवळ सणाच्या तोंडावर टाकल्यामुळे किंवा पैसे देऊन प्रसार केल्यामुळे पोस्ट चालली असती, तर कॅप्शन पुन्हा वापरण्यात फारसा अर्थ नव्हता.

आता शिळेपणा. तो शोधण्यासाठी काळाशी बांधलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी. दर आणि तारीख कोणीही बदलतो. अक्षय्य तृतीया २०२५ मध्ये ३० एप्रिलला होती आणि २०२६ मध्ये ती १९ एप्रिलला येत असल्याने मागणी कळवण्याची मुदतही तेवढी अलीकडे आणावी लागते, हे उघड आहे. फसवणूक करतो तो «यंदा» हा शब्द. «यंदा ऊन लवकर तापल्याने» हे विधान एका विशिष्ट वर्षाच्या हवामानाचे आहे. पुढच्या वर्षी अवकाळी पाऊस झाला असेल, तर तेच वाक्य खोटे ठरते आणि कोकणातला कोणताही वाचक ते एका दृष्टिक्षेपात ओळखतो. असे वाक्य नव्या वर्षाला जुळवत बसण्यापेक्षा काढून टाकलेले बरे, कारण त्यावाचून मजकुराचे काही अडत नाही. चित्रावर छापलेला दरही याच वर्गात मोडतो. इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेल्या पोस्टचे कॅप्शन बदलता येते, फोटो मात्र बदलता येत नाही, त्यामुळे दर चित्रावर छापूच नये असे माझे मत झाले आहे.

एवढी दुरुस्ती केली की शिळेपणा जातो, पण तोचतोचपणा जागच्या जागी राहतो. कारण फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर वाचण्यासाठी वाचकाला त्यावर बोट लावावे लागते. ओळख पटते ती त्या पहिल्या ओळीवरून आणि फोटोवरून. नेमक्या याच ठिकाणी लोक शब्दकोशाचा आधार घेतात. «कापल्यावर» ऐवजी «चिरल्यावर», «पांढरट» ऐवजी «फिकट» असे बदल माझ्या पहिल्या मसुद्यात होते. मामेबहिणीने तो वाचून विचारले, «अरे, हे गेल्या वर्षीचंच ना?» शब्द बदलले तरी वाचकाला आत नेणारे दार तेच होते, म्हणजे सुरी लावणारा आणि निराश होणारा ग्राहक.

म्हणून दार बदलले. तीच माहिती या वेळी पेटी भरणाऱ्याच्या बाजूने सांगितली:

«पेटी भरताना फळाचा रंग दिसतो, वास कळतो, हलकेच दाबले की किती पिकले तेही समजते. साका मात्र आम्हालाही कापल्याशिवाय दिसत नाही. गेल्या वर्षी अनेकांनी विचारले, की असा आंबा टाकून द्यायचा का? साका हा संसर्ग नाही, फळाच्या वाढीतला दोष आहे. तो भाग काढून उरलेला चांगला गर खाता येतो. तरीही आमच्या पेटीत असे फळ निघाले, तर फोटो पाठवा, बदलून देऊ.»

यातला प्रश्न जुन्या पोस्टखालच्या प्रतिक्रियांमधून उचललेला आहे. जुन्या कॅप्शनमध्ये काय राहून गेले, हे तिथेच सर्वांत स्वच्छ लिहिलेले असते. «गेल्या वर्षी» हे शब्दही मुद्दाम ठेवले आहेत. जुन्या ग्राहकाला आठवणार हे माहीत असताना न आठवल्याचा आव आणण्यापेक्षा आपणच उल्लेख केला, तर पुनरुक्तीचा आरोप उरत नाही. शेवटची ओळ मात्र अक्षरशः तीच आहे. वचनाचे शब्द नटवण्यासाठी बदलले, तर नियमच बदलला की काय, अशी शंका ग्राहकाला येते. दर आणि मुदत यांची ओळ त्याखाली नव्याने लिहिली.

किती दिवसांनी पुन्हा वापरावे, हा प्रश्नही या फरकामुळे सोपा होतो. जसजसा काळ जातो तसतसा शिळेपणा वाढतो आणि तोचतोचपणा कमी होतो. तीन आठवड्यांनी परत टाकलेल्या कॅप्शनमध्ये दुरुस्त करण्याजोगे फारसे नसते, पण दार बदलावेच लागते. अकरा महिन्यांनंतर बहुतेकांना काही आठवत नाही, त्यामुळे सगळे लक्ष तारखा, दर आणि हवामानाकडे द्यावे. या वेळी मी दारही बदलले ते दरवर्षी पेटी घेणाऱ्यांसाठी. त्यांना आठवते, आणि विक्री मुख्यतः त्यांच्याकडूनच होते. चारपाच महिन्यांचे अंतर सर्वांत अवघड, कारण तेव्हा दोन्ही दोष अर्धेअर्धे असतात आणि दोन्ही सहज नजरेतून निसटतात.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जुन्याच पोस्टचे कॅप्शन दुरुस्त करून ती ताजी होत नाही. ती फीडमध्ये नव्याने येत नाही आणि तिच्याखाली «माझी पेटी अजून आली नाही» यासारख्या गतवर्षीच्या प्रतिक्रिया तशाच दिसत राहतात. म्हणून मजकूर नव्या पोस्टमध्ये, नव्या फोटोसह टाकावा. जुनी पोस्ट पुसूही नये, कारण ती पुसली की लोकांनी सेव्ह केलेलीही नाहीशी होते. आम्ही जुन्या कॅप्शनमध्ये दराच्या ओळीपुढे फक्त «हा दर २०२५ चा आहे» एवढे जोडले आणि साक्याचे स्पष्टीकरण होते तसे राहू दिले.