मोटर अर्ध्याच वेगाने का फिरत होती?

टेबलावरची मोटर चांगली गरगरत होती, पण स्क्रीनवरचा आकडा ७३५ च्या आसपासच घुटमळत होता. मोटरच्या पाटीवर लिहिलं होतं १४७० फेरे प्रति मिनिट. बरोब्बर निम्मे! चूक थोडीफार असती तर मी मोटरला दोष दिला असता. पण इतकी नेमकी निम्मी चूक मोजणीतलीच असते.

वेग मी हॉल सेन्सरने मोजत होतो: चुंबक समोरून गेला की तो एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, देतो. दांड्यावर बसवलेल्या चकतीवर मी समोरासमोर दोन चुंबकं चिकटवली होती. एकाच चुंबकाने चकती एकीकडे जड होऊन थरथरते, म्हणून दोन. प्रोग्रॅममध्येही एका फेऱ्याला दोन पल्स धरले होते. सेन्सरला मात्र त्यातलं एकच दिसत होतं, कारण दुसरं मी उलटं चिकटवलं होतं.

"चुंबक जवळ आणला की हॉल सेन्सर चालू होतो" हा समज अर्धवट आहे. एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. चुंबकीय क्षेत्र वाहत्या विद्युतभारांना बाजूला ढकलतं, ते एका कडेला जमतात, आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये इवलासा व्होल्टेज दिसतो. क्षेत्राची दिशा उलटली की भार दुसऱ्या कडेला जातात आणि व्होल्टेजचं चिन्ह बदलतं. म्हणजे सेन्सरला चुंबक आहे की नाही एवढंच नव्हे, तर त्याची कुठली बाजू समोर आहे हेही कळतं. ए३१४४ सारखा साधा सेन्सर छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आला तरच चालू होतो. उत्तर ध्रुव समोरून गेला तर ढिम्म. म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबक हातात धरून सेन्सरपुढे न्यावा, एलईडी पेटतो का पाहावं, आणि वरच्या बाजूला पेनाने खूण करावी.

अंतराचंही तसंच. चुंबकाच्या आकाराच्या मानाने लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर क्षेत्र साधारण आठ पटींनी कमी होतं. म्हणून फट तीन-चार मिलिमीटर ठेवली तर बरं, आणि फिरताना चकती डगमगून सेन्सरला घासत नाही ना, हेही हाताने फिरवून पाहावं. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना छळते. या सेन्सरचं आउटपुट फक्त खाली खेचतं, वर स्वतःहून जात नाही. तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढणारा दहा किलोओहमचा पुल-अप रोध लावला नाही तर तार तरंगत राहते आणि मोटर बंद असतानाही नुसता हात जवळ नेला तरी पल्स मोजले जातात.

चुंबक सुलटं केल्यावर आकडा १४७० च्या आसपास आला, पण स्थिर राहीना. १४४०, १४७०, १५००! हा दोष मोजायच्या पद्धतीचा. मी एक सेकंदात येणारे पल्स मोजत होतो. १४७० फेरे म्हणजे सेकंदाला साडेचोवीस फेरे, दोन चुंबकांचे ४९ पल्स. सेकंदाच्या कडेला एखादा पल्स इकडे किंवा तिकडे पडला की आकडा थेट ३० ने उडी मारतो. एकच चुंबक असता तर उडी ६० ची.

त्यापेक्षा दोन पल्समधला वेळ मोजावा:

```
volatile unsigned long last = 0, period = 0;
void pulse() {
  unsigned long now = micros();
  period = now - last;
  last = now;
}
```

या वेगाला एक फेरा ४०,८१६ मायक्रोसेकंदांचा. हा प्रोग्रॅम चालवणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डचं घड्याळ चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने पुढे जातं, म्हणजे चूक एका फेऱ्याच्याही आत. पण इथे माझी दोन चुंबकं पुन्हा आडवी आली. ती अगदी १८० अंशांवर नव्हती, त्यामुळे वेळ एकदा लहान, एकदा मोठा. उपाय सोपा: प्रत्येक दुसऱ्या पल्सलाच वेळ घ्या, म्हणजे तेच चुंबक पुन्हा समोर येईपर्यंतचा पूर्ण फेरा मोजला जातो. या पद्धतीची एक खोड मात्र आहे. मोटर थांबली की नवा पल्सच येत नाही आणि स्क्रीनवर शेवटचा वेग तसाच दिसत राहतो. अर्ध्या सेकंदात नवा पूर्ण फेरा मोजला गेला नाही तर शून्य दाखवा, असं वेगळं सांगावं लागतं. मग १२० फेऱ्यांखालचा वेगही शून्यच दिसतो, हे ध्यानात ठेवावं.

हाच सेन्सर दाराला लावला तर हे मोजणं लागत नाही, तिथे फक्त उघडं की बंद. चुंबक बिजागरीपासून लांब, कडीच्या बाजूला लावावा, कारण दार जरासं उघडलं तरी तीच कड सर्वात जास्त सरकते. वाऱ्याने दार खडखडलं तरी सेन्सर सारखा चालू-बंद होत नाही, कारण सेन्सर चालू व्हायला जेवढं क्षेत्र लागतं त्यापेक्षा बरंच कमी झाल्यावरच तो बंद होतो. सरकत्या फाटकाची मधली जागा हवी असेल तर मात्र मोटरचे पल्स मोजावे लागतात. पण एका सेन्सरला फाटक उघडतंय की मिटतंय ते कळत नाही, त्यासाठी शेजारी दुसरा लावून आधी कोण पेटलं ते पाहावं लागतं. वीज गेली की मोजणी पुसली जाते, म्हणून पूर्ण बंद जागेवर तिसरा सेन्सर ठेवून तिथे आकडा शून्य करून घ्यावा.