वकील फी : हक्कसोडपत्रासाठी

वाद नसलेल्या मालमत्ता-दस्तासाठी वकील ठोक रकमेने, दर हजेरीने किंवा मूल्याच्या टक्केवारीने फी घेतात. 1926 च्या विधिव्यवसायी (फी) अधिनियमाने ती वकील व पक्षकार यांच्या कराराने ठरवण्यास मुभा दिली आहे.

टक्केवारीच्या वैधतेबाबत मतभेद आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, आणि निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बी. सुनीता प्रकरणात अशी टक्केवारी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. दस्तात मात्र दावाही नाही आणि निकालही नाही, म्हणून ही मनाई तेथे लागू होत नाही असे एक मत आहे. नियमाचे शब्द पाहता ते अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमध्येही मालमत्ता-हस्तांतरणाच्या कामासाठी सॉलिसिटरांना 1883 पासून मूल्यानुसार दरपत्रक होते. ते 1970 च्या दशकाच्या आरंभी रद्द झाले. तथापि वैध असणे आणि वाजवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

समजा, वडील मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांच्या स्वकष्टार्जित सदनिकेचे मूल्य 90 लाख रुपये आहे. आई, मुलगा व मुलगी हे तीन वारस. मुलगी आपला एक-तृतीयांश हिस्सा भावाच्या नावे मोबदला न घेता सोडते. अर्धा टक्का फी संपूर्ण मूल्यावर धरल्यास 45,000 रुपये होतात, सोडलेल्या 30 लाखांच्या हिश्श्यावर धरल्यास 15,000. त्यामुळे टक्केवारी मान्य करताना ती कोणत्या रकमेवर, हे लेखी हवे. मसुदा दोन्ही हिशेबांत तोच राहतो. मूल्य वाढल्याने श्रम वाढत नाहीत. ते वाढतात वारस अधिक असल्यास, एखादा परदेशात राहत असल्यास किंवा जुने कागद तुटक असल्यास. म्हणून अशा दस्तास ठोक फी सर्वांत योग्य ठरते.

हजेरीची पद्धत न्यायालयीन कामातून आलेली आहे. दुय्यम निबंधकापुढे सुनावणी नसते, आणि वकिलाची उपस्थितीही कायद्याने सक्तीची नाही. पक्षकार व ओळख पटवणारे साक्षीदार आले की नोंदणी होते. सर्व्हर बंद पडला, आधारवरील नाव दस्ताशी जुळले नाही किंवा एखादा साक्षीदार आलाच नाही, की दुसरी खेप पडते. तिचे पैसे पक्षकाराच्या माथी येतात. ठोक फी ठरवतानाही त्यात मसुदा, दुरुस्त्या, मालकीहक्काचा शोध अहवाल आणि किती खेपा येतात हे लिहून घ्यावे.

मुद्रांक शुल्क व नोंदणी फी हा वकिलाच्या फीचा भाग नव्हे. ‘सगळे मिळून’ अशी एकच रक्कम सांगितली गेल्यास शासनाच्या ऑनलाइन भरणा करण्याच्या ग्रास प्रणालीवरील चलन मागून घ्यावे. शासनाकडे किती भरले हे त्यावरच छापलेले असते. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 चा निर्णय आहे.