क्रँक आणि हेल्मेटचे फोटो आम्ही कसे वाचतो: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सायकलचा वापरलेला क्रँक किंवा हेल्मेट घ्यायच्या आधी विक्रेत्याचे फोटो आमच्याकडे पाठवून "अस्सल आहे ना?" असं विचारणारे ग्राहक रोज असतात. दहापैकी आठ वेळा आलेला फोटो दर्शनी बाजूचा असतो. त्यात मोठं नाव झळकत असतं, चमक असते, पण आम्हाला वाचायला काहीच नसतं. नाव कोणीही छापू शकतो. आम्हाला हवी असते आतली बाजू, म्हणजे क्रँकची फ्रेमकडे वळलेली बाजू आणि हेल्मेटची डोक्याकडची बाजू. तिथे आम्ही काय बघतो ते इथे सविस्तर लिहिलं आहे, म्हणजे निम्मं काम तुम्हाला घरीच करता येईल.

क्रँकच्या मागची अक्षरं

शिमानोच्या सुट्या भागांवर मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो आणि त्याची सुरुवातच भाग कोणता ते सांगते. FC म्हणजे क्रँक, RD म्हणजे मागचा डिरेलर, CS म्हणजे कॅसेट. अल्टेग्राच्या एका पिढीचा क्रँक FC-6800, त्यानंतरचा FC-R8000. हा क्रमांक क्रँकच्या दांड्याच्या मागच्या बाजूला, पेडल बसतं त्या टोकाजवळ सापडतो. तिथेच दांड्याची लांबीही असते, 170 किंवा 172.5 अशी.

याच जागेत दोन इंग्रजी अक्षरं असतात आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. महिना सोपा आहे: A म्हणजे जानेवारी, तिथून L म्हणजे डिसेंबरपर्यंत. वर्षाची मोजणी १९७६ साली A पासून सुरू झाली, २००१ ला Z आला आणि २००२ ला पुन्हा A. म्हणजे एकच अक्षर सव्वीस वर्षांच्या अंतराने दोनदा येतं. पण १९९२ चा भाग आणि २०१८ चा भाग यात गोंधळ होणं कठीण, कारण मॉडेलचा क्रमांकच तो सोडवतो.

ही अक्षरं वाचायची आणखी एक निकड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने अल्टेग्रा आणि ड्यूरा-एसचे काही अकरा-स्पीड क्रँक तपासणीसाठी परत मागवले. हे दांडे दोन भाग चिकटवून पोकळ केलेले असतात आणि काही क्रँकमध्ये तो जोड सुटत होता. यात FC-6800, FC-9000, FC-R8000, FC-R9100 आणि FC-R9100P ही मॉडेलं येतात, तीही जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेली. अक्षरांत सांगायचं तर KF पासून RF पर्यंत. अक्षर या टप्प्यात आहे म्हणून क्रँक खराब ठरत नाही. अधिकृत दुकानात तपासून मगच वापरायचा, एवढाच त्याचा अर्थ. तपासणीत जोड सुटल्याचं दिसलं तर कंपनी बदलून देते.

एका फोटोची गोष्ट

एका ग्राहकाने FC-R8000 चे तीन फोटो पाठवले होते. मागच्या बाजूच्या फोटोत आम्हाला अक्षरं OC दिसली, म्हणजे मार्च २०१६. इथे आम्ही थबकलो, कारण R8000 ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. वर्षभर आधीची तारीख असलेला क्रँक म्हणजे नक्कल, नाहीतर दुसऱ्या दांड्यावर क्रमांक कोरून घेतलेला. आम्ही जवळजवळ तसं कळवणारच होतो.

पण O भोवतालचा भाग फोटोत उजळून पांढरा पडला होता. फोन थेट समोर धरून फ्लॅश मारला की कोरलेल्या अक्षराची खोली दिसेनाशी होते, कारण प्रकाश सरळ आत जातो आणि कडेला सावलीच पडत नाही. म्हणून आम्ही ग्राहकाला सांगितलं, फ्लॅश बंद करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च दांड्याला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि अक्षरांवर पांढरा खडू घासून वरवर पुसून घ्या. नव्या फोटोत O ला उजवीकडे खाली बारीक शेपूट निघालं. तो Q होता. QC म्हणजे मार्च २०१८, आणि R8000 ला ते अगदी जुळतं.

क्रँक अस्सल ठरला, पण त्याच अक्षरांनी तो तपासणीच्या टप्प्यातही आणून बसवला. मग आम्ही जोडाच्या कडेचा फोटो मागवला. उजव्या दांड्याच्या आतल्या बाजूला एके ठिकाणी जोडाची रेघ इतर ठिकाणांपेक्षा गडद आणि किंचित रुंद दिसत होती. ती धूळ होती की फट, हे फोटोवरून सांगणं शक्य नव्हतं आणि आम्ही ते सांगितलंही नाही. अधिकृत दुकानात दाखवेपर्यंत चालवू नका, एवढंच कळवलं.

O आणि Q प्रमाणेच C आणि G मध्येही अशीच चूक होते, आणि तिथे मार्चचा जुलै होतो. म्हणून अक्षरांचा फोटो नेहमी दोन वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून काढा. फोटो संदेशातून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कारण चित्र म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि नेमक्या अशा बारीक शेपट्या पुसल्या जातात. पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नका, काही फोनवर त्यात अक्षरं उलटी साठवली जातात.

डिकल आणि झीज

नाव झिजलंय म्हणून क्रँक नकली, असा समज फार आढळतो. क्रँकवर बूट घासतो, त्यामुळे नाव झिजणं स्वाभाविकच आहे. आम्ही बघतो ते झीज एकसारखी आहे का. बूट नावावर घासला असेल तर नावाच्या शेजारचा काळा किंवा राखाडी थरही तितकाच घासलेला दिसला पाहिजे. भोवतालचा धातू चकाकतोय आणि मधोमध नाव मात्र कोरं करकरीत आहे, तर ते नंतर चिकटवलेलं आहे. उलट, भोवतालचा थर शाबूत आणि अक्षरं मात्र तुकड्या-तुकड्यांनी उडालेली, असं असेल तर छपाईच कच्ची आहे.

चिकटवलेलं डिकल ओळखायला तिरका फोटो लागतो. खिडकीचं प्रतिबिंब नावावरून जाईल असा कोन धरा. पातळ फिल्म असेल तर अक्षरांच्या थोडं बाहेर प्रतिबिंब एका बारीक रेषेवर तुटतं. तीच फिल्मची कड. लेझरने कोरलेल्या अक्षराला अशी कड नसते. तिथे वरचा थर जळून खालचा उजळ धातू दिसतो आणि प्रतिबिंब अक्षराच्या सीमेवरच बदलतं.

साच्याच्या खुणा

चांगले ॲल्युमिनियम क्रँक फोर्जिंगने घडवतात, ओतून नव्हे. ओतीव वस्तूवर साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक रेघ उमटते आणि साच्यातून वस्तू ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे राहतात. फोर्जिंगमध्येही कडेला जादा धातू येतो, पण नामवंत कंपन्या तो कापून घासून टाकतात. म्हणून महागड्या मॉडेलच्या नावाच्या क्रँकवर हाताला लागेल अशी उभी रेघ, गोल ठसे किंवा सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर आम्ही तो नाकारतो. दांडा ओतीव असेल तर पेडलच्या आट्यांपाशी तो तुटू शकतो, आणि तो तुटतो तेव्हा तुम्ही पूर्ण वजन टाकून उभे असता.

प्लास्टिकच्या भागांना हा नियम लावू नका. डिरेलरची छोटी चाकं, हेल्मेटचा मागचा नॉब हे सगळं साच्यातूनच निघतं, तिथे रेघ असणारच.

हेल्मेट

हेल्मेटचे तीन फोटो लागतात: आतलं लेबल, पॅड काढल्यावरचा फोम आणि कवच फोमला मिळतं ती कड.

लेबलवर मानकाचा क्रमांक असतो. युरोपात EN 1078, अमेरिकेत CPSC. EN 1078 नुसार लेबलवर निर्माता, मॉडेल, डोक्याचं माप, वजन आणि निर्मितीचं वर्ष व तिमाही द्यावी लागते. अमेरिकी नियमात महिना आणि वर्ष असतं. मानकाचं नाव छापलंय पण निर्माता आणि तारीख नाही, असं लेबल आम्ही धरत नाही.

तारखेची पडताळणी कधी कधी आतल्या प्लास्टिकवरूनही होते. त्यावर घड्याळासारखा छोटा गोल ठसा मिळतो: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. तो तुकडा साच्यातून कधी निघाला ते बाण सांगतो. प्लास्टिकची तारीख लेबलच्या आधीची असेल तर ठीक, कारण भाग आधी बनतात आणि हेल्मेट नंतर जुळतं. प्लास्टिक लेबलपेक्षा नवं असेल तर लेबल किंवा तो भाग बदललेला आहे.

फोमवर बारीक फटी असलेले गोल ठसे दिसले की ग्राहक घाबरून विचारतात. ते साच्यात वाफ सोडणाऱ्या झडपांचे ठसे असतात आणि फोमच्या हेल्मेटमध्ये ते नेहमीचेच. काळजीचं चिन्ह वेगळं आहे: फोमचे दाणे एका जागी चपटे होऊन चकाकू लागलेले, किंवा दाण्यांच्या मधून जाणारी चीर.

बऱ्याच हेल्मेटमध्ये कवच आणि फोम साच्यात एकत्रच जोडलेले असतात आणि नक्षी पारदर्शक कवचाच्या आतल्या बाजूने छापलेली असते. म्हणून त्या नक्षीवर नख अडकत नाही. नख अडकतंय, किंवा वळणावर चित्राला सुरकुत्या आहेत, तर ते वरून लावलेलं आहे. रंगवलेलं किंवा वरून मोठी स्टिकरं लावलेलं वापरलेलं हेल्मेट घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. रंगातले आणि गोंदातले काही द्रव कवच आणि फोम दोन्ही कमकुवत करतात आणि जुनी चीर त्याखाली झाकली जाते.

आतून दबलेला फोम बाहेरच्या फोटोत दिसतोच असं नाही. त्यामुळे हेल्मेटच्या बाबतीत आमचं उत्तर दोनच प्रकारचं असतं: "घेऊ नका", किंवा "फोटोत दोष दिसला नाही". "सुरक्षित आहे" असं आम्ही फोटोवरून लिहून देत नाही. हेल्मेट आधी पडलंय का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि त्याचं उत्तर फोटोंसोबत आम्हाला कळवा.