सुरीची धार आणि वाळीत टाकण्याचे हुकूम: हासिदी पंथाच्या उदयाची पार्श्वभूमी

मुंबईत कुलाब्याचं छाबाड हाऊस आपल्या वाचकांना माहीत आहे. छाबाड ही ज्यूंच्या हासिदी या भक्तिप्रधान पंथाची एक शाखा. तिचे संस्थापक श्नेऊर झाल्मन यांना 1798 मध्ये रशियन सरकारने अटक करून सेंट पीटर्सबर्गला नेलं. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारे ज्यूच होते. एका समाजातल्या धर्मनिष्ठ माणसांनी आपल्याच धर्मनिष्ठ माणसांविरुद्ध परक्या सरकारचं दार ठोठवावं, इथवर गोष्ट का गेली हे समजायला 50-60 वर्षं मागे, पोलंड-लिथुएनियाच्या राज्यात जावं लागतं.

अठराव्या शतकाच्या मध्यावर त्या राज्यात सुमारे साडेसात लाख ज्यू राहत होते. जगातली ती तेव्हाची सर्वांत मोठी ज्यू वस्ती. प्रत्येक गावाच्या ज्यूंची एक पंचायत असे, तिला ‘काहाल’ म्हणत. रब्बीची, म्हणजे धर्मगुरूची, नेमणूक, सभास्थानाची व्यवस्था, गरिबांची मदत, कोर्ट, कर, सगळं काहालच्या हाती. या पंचायतींच्या वर एक मध्यवर्ती परिषद होती. राज्याला द्यायच्या कराचा वाटा ती गावागावावर बसवत असे. 1764 मध्ये पोलिश संसदेने ही परिषदच बंद केली आणि माणशी 2 झ्लोती डोईपट्टी थेट गावोगावच्या काहालवर लावली. बऱ्याच काहालांवर आधीच उमराव आणि चर्चच्या संस्थांचं कर्ज होतं. वरचा आधार गेला आणि देणी मात्र राहिली. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट भीतीची. 1665-66 मध्ये साब्बताई झ्वी नावाच्या माणसाने आपण मसीहा असल्याचं सांगितलं, हजारो ज्यू त्याच्या मागे गेले आणि शेवटी त्याने सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला. त्याची गुप्त परंपरा मात्र टिकून राहिली. याकोब फ्रांक याच परंपरेतला. 1757 मध्ये त्याच्या अनुयायांच्या फिर्यादीवरून पोदोलिया प्रांतात कामियेनेत्सला तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या आणि 1759 मध्ये त्यातल्या अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे गूढ साधना, एका गुरूभोवती जमलेली मंडळी, नेहमीच्या सभास्थानापासून फुटून केलेली प्रार्थना, अशी चिन्हं दिसली की रब्बींच्या अंगावर काटा येई. त्यांची भीती खोटी नव्हती. तिला ताज्या आठवणींचा आधार होता.

हासिदी पंथ याच पोदोलियात उगवला. इस्राएल बेन एलिएझर हे ताईत देणारे, रोग्यांना बरं करणारे ‘बाल शेम’ होते. लोक त्यांना बाल शेम तोव म्हणत. 1740 नंतर ते मेझिबुझ गावात राहत. ते काहालविरुद्ध बंड करणारे फकीर होते अशी समजूत पूर्वी रूढ होती. पण गावच्या पोलिश कर-नोंदींत ते काहालच्याच मालकीच्या घरात, करमाफीसह राहताना दिसतात. म्हणजे गावाने त्यांना मानाने सांभाळलं होतं. 1760 मध्ये ते वारले, तोवर त्यांच्याविरुद्ध कुठेही संघटित आघाडी उघडलेली नव्हती. देव सर्वत्र भरलेला आहे, उपास आणि देहदंडापेक्षा आनंदाने केलेली प्रार्थना मोठी, ही त्यांची शिकवण कानांना गोड होती आणि धोकादायक वाटावी इतकी ती अजून पसरली नव्हती.

पसरली ती त्यांचे शिष्य, मेझेरिच गावचे डोव्ह बेअर, यांच्यामुळे. त्यांच्याकडे तालमुद शिकलेली तरुण मुलं येऊ लागली आणि परत जाऊन आपापल्या गावी मंडळं उभी करू लागली. त्यांच्या शिकवणीत ‘त्सद्दिक’ म्हणजे सिद्धपुरुषाचं स्थान मध्यवर्ती झालं: सामान्य माणसाने अशा पुरुषाला धरून राहावं, तो त्याला देवापर्यंत नेईल. रब्बीचा अधिकार पाठांतरातून आणि शास्त्रार्थातून येत असे. हा नवा अधिकार सत्संगातून येत होता. मराठी वाचकाला यात वारकरी आणि शास्त्री यांची जोडी आठवेल, पण ती फार ताणू नये. हासिदी मंडळी शास्त्र मोडत नव्हती, उलट काही बाबतींत जास्त कडक होती. भांडण पेटलं ते नेमकं त्या कडकपणावरून.

प्रार्थनेला 10 प्रौढ पुरुष लागतात. हासिदी 10 जण जमले की घरातच वेगळी प्रार्थना सुरू करत, तीही पूर्व युरोपातल्या रूढ पाठाऐवजी सफेद गावच्या इसाक लुरिया या गूढवादी गुरूंच्या पद्धतीने. मनाची तयारी होईपर्यंत थांबत, त्यात ठरलेली वेळ टळे. काही ठिकाणी अतिरेकही झाला. 1770 च्या सुमारास कालिस्कच्या अब्राहम यांची मंडळी भर रस्त्यात कोलांट्या मारत आणि पंडितांची टर उडवत. खुद्द डोव्ह बेअर यांनी त्यांची कानउघाडणी केली, हे श्नेऊर झाल्मन यांनी पुढे लिहिलेल्या पत्रावरून कळतं.

दुसरी बाब सुरीची. कोशेर, म्हणजे धर्माने खायला चालणाऱ्या, मांसासाठी जनावराचा गळा एका माहीतगार माणसाने, ‘शोखेत’ने, चिरायचा असतो. सुरी न दाबता, मध्ये न थांबता, पुढेमागे सरकवत अन्ननलिका आणि श्वासनलिका कापायची. पात्याला केसाएवढीही खाच असली तर मांस कापलं जात नाही, फाटतं, आणि ते जनावर खाण्याला बाद होतं. म्हणून शोखेत प्रत्येक वेळी धार बोटाच्या मांसल भागावरून आणि नखावरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहतो. नख अडखळलं की खाच आहे असं समजायचं. तोवर वापरात असलेल्या सुऱ्या जाड, घडीव लोखंडाच्या होत्या. हासिदींनी पातळ, घासून पाणी दिलेल्या पोलादी सुऱ्यांचा आग्रह धरला. श्नेऊर झाल्मन यांचं म्हणणं असं की जाड पात्याला तीक्ष्ण करावं तर ते गुळगुळीत राहत नाही, गुळगुळीत करावं तर तीक्ष्ण राहत नाही. पोलादी पात्याला दोन्ही साधतं.

शास्त्रात अशा सुरीला मनाई नाही, हे विरोधकांनाही ठाऊक होतं. पातळ धारेला खाच लवकर पडते असा आक्षेप घेतला जाई, पण खरी अडचण वेगळी होती. गावच्या शोखेतची सुरी चालत नाही असं म्हणणं म्हणजे गावाचं मांस अभक्ष्य ठरवणं. मग हासिदी माणूस शेजाऱ्याच्या घरी जेवू शकत नाही आणि सोयरीक जुळवणंही अवघड होतं. शिवाय शोखेत काहालने नेमलेला असे आणि कोशेर मांसावरचा कर हे काहालचं मोठं उत्पन्न होतं. हासिदींनी आपला शोखेत आणला की तो पैसा आटला. डोईपट्टी आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नव्हते. तत्त्वज्ञानाच्या वादातून इतकी कटुता क्वचितच येते. इथे रोजचं ताट आणि गावची तिजोरी दोन्ही पणाला लागली होती.

विरोधाचं केंद्र झालं लिथुएनियातलं व्हिल्ना शहर, आणि तिथला अधिकारी पुरुष म्हणजे एलियाहू बेन श्लोमो, व्हिल्नाचे गाओन, म्हणजे महापंडित (1720-1797). ते गावचे रब्बी नव्हते, कोणतंही पद त्यांच्याकडे नव्हतं. काहालच्या मानधनावर ते घरात बसून अखंड अध्ययन करत. अध्ययन हीच सर्वोच्च उपासना मानणाऱ्या या माणसाला प्रार्थनेतला हर्षोन्माद म्हणजे वाया घालवलेला वेळ वाटला आणि ‘देव सर्व वस्तूंत आहे’ हे विधान पाखंड वाटलं. डोव्ह बेअर यांचे शिष्य मेनाखेम मेंडेल आणि श्नेऊर झाल्मन समजूत घालायला त्यांच्या दारी गेले. गाओनांनी दोनदा दार बंद केलं, आणि लोकांनी फार आग्रह धरला तेव्हा ते गावच सोडून गेले.

1772 च्या वसंतात, वल्हांडणाच्या सणानंतर, व्हिल्नाच्या काहालने हेरेम, म्हणजे वाळीत टाकण्याचा हुकूम काढला. गावातलं हासिदी मंडळ मोडलं, त्यांचं लिखाण जाहीरपणे जाळलं आणि इतर गावांना पत्रं पाठवली. पेशवाईतल्या ग्रामण्याशी परिचय असलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. त्याच उन्हाळ्यात ब्रोदी गावच्या काहालनेही हुकूम काढला: वेगळी प्रार्थना नको, लुरियांचा पाठ नको, शब्बाथला पांढरे कपडे नकोत, पाणी दिलेल्या सुऱ्या नकोत. पण त्यात एक अपवाद होता. ब्रोदीच्या जुन्या अभ्यासगृहातले विद्वान पूर्वीपासून लुरियांच्या पाठाने प्रार्थना करत, त्यांना मुभा राहिली. माझ्या मते या एका कलमात सगळा वाद उघडा पडतो. आक्षेप त्या पाठाला नव्हता. निवडक पंडितांनी केलेली गोष्ट सामान्य तरुणांनी कोणाची परवानगी न घेता करण्याला होता.

हुकूम चालले नाहीत, कारण ते बजावणारी एकच सत्ता उरली नव्हती. 1772 मध्येच पोलंडची पहिली फाळणी झाली; ब्रोदी ऑस्ट्रियाकडे गेलं, पूर्वेकडचा प्रदेश रशियाकडे. मध्यवर्ती परिषद तर आधीच गेली होती. एका गावाने घालवलेला माणूस दुसऱ्या गावात सुखाने राही. 1780 मध्ये पंथाचं पहिलं पुस्तक छापलं गेलं, पोलोन्नेच्या याकोब योसेफ यांचं. त्यात पंडितांवर सडकून टीका होती, म्हणून 1781 मध्ये व्हिल्नाने पुन्हा बहिष्कार जाहीर केला.

गाओन 1797 च्या शरदात सुक्कोतच्या सणात वारले. सणात आनंद करणं ही आज्ञाच आहे, पण व्हिल्नातले हासिदी त्या दिवसांत गाण्यानाचण्यात दिसले आणि लोकांनी त्याचा एकच अर्थ लावला. यानंतर संयम संपला. व्हिल्ना आता रशियात होतं, म्हणून तक्रार थेट सरकारकडे गेली: श्नेऊर झाल्मन नवा पंथ काढतात, तुर्कस्तानात पैसे पाठवतात. पैसे जात होते हे खरं. ते पवित्र भूमीत, ऑटोमन राज्यात, स्थायिक झालेल्या हासिदींच्या उदरनिर्वाहासाठी होते. श्नेऊर झाल्मन सुमारे दोन महिने कोठडीत राहिले आणि चौकशीअंती सुटले. 19 किस्लेव्ह ही सुटकेची तिथी छाबाडमध्ये आजही सणासारखी पाळतात. मग हासिदींनीही तोच रस्ता धरला: 1799 मध्ये त्यांच्या तक्रारीवरून व्हिल्नाच्या काहालचे पुढारी सरकारने हटवले आणि त्यांच्या जागी हासिदी बसवले.

1804 च्या रशियन कायद्याने गावात फूट पडल्यास प्रत्येक पक्षाला आपलं सभास्थान बांधायला आणि आपले रब्बी निवडायला परवानगी दिली, पण काहाल गावात एकच ठेवला. म्हणजे प्रार्थना वेगळी, कर एकत्र. त्याच सुमारास गाओनांचे शिष्य हाईम यांनी वोलोझिनला मोठी पाठशाळा उघडली. त्यांनी हासिदी विचाराला ग्रंथातून उत्तर दिलं, वाळीत टाकण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. आणि पाणी दिलेली पोलादी सुरी पुढे विरोधकांच्या शोखेतांनीही हातात घेतली.